खरड छाटणीच्या उन्हात अंगावर काय घालावे: सोलापूर जिल्ह्यातील द्राक्ष बागायतदारांसाठी सल्ला

एप्रिलमध्ये खरड छाटणी झाली की द्राक्षबागेतली सावली संपते. एकेका काडीवर एकदोन डोळे ठेवून बाकी सगळे खाली पडते आणि वर राहतात नुसत्या तारा. विरळणी, सबकेन, शेंडा मारणे ही पुढची कामे याच उघड्या मांडवाखाली, हात वर करून आणि मान मागे टाकून करायची असतात. पंढरपूर, बार्शी, मोहोळकडे ही कामे बहुधा उक्त्यावर जातात. त्यामुळे टोळी दुपारची सुट्टी घ्यायला राजी नसते, आणि अंगावर काय आहे याला फार महत्त्व येते.

आधी एक गोष्ट नीट समजून घ्यावी. ऊन आणि उष्मा यांची वेळ एक नाही. कातडी जाळणारे अतिनील किरण सूर्य डोक्यावर असताना सर्वांत तीव्र असतात, आणि सोलापुरात ती वेळ घड्याळात साधारण सव्वाबारा-साडेबाराची. पारा मात्र तीन-चार वाजता टोक गाठतो. मेच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास तर इथे सूर्य अगदी माथ्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली काही क्षण नाहीशी होते. म्हणून अकराला ‘अजून तापलं नाही’ म्हणून बाह्या वर सारणारा माणूस नेमक्या वाईट वेळी बाह्या वर सारत असतो. वळवाचे ढग आले तरी किरण बऱ्यापैकी खाली उतरतातच.

कापडाचे संरक्षण ‘यूपीएफ’ या आकड्यात मोजतात. क्रीमवरचा ‘एसपीएफ’ वेगळा. तो त्वचा लाल होण्यावरून काढतात, तर यूपीएफ काढताना कापडातून किती किरण पार होतात ते यंत्रावर मोजतात. हिशेब सोपा आहे. यूपीएफ ५० म्हणजे पन्नासातला एक भाग आत येतो, म्हणजे २ टक्के. ३० असेल तर सव्वातीन टक्क्यांच्या आसपास, १५ असेल तर साडेसहाच्या वर. एखाद्या पाकिटावर ‘९५ टक्के अडवते’ असे छापले असेल तर ऐकायला भारी वाटते, पण तो यूपीएफ २० झाला. कपड्यांसाठीचे असे मानक पहिल्यांदा ऑस्ट्रेलियाने १९९६ मध्ये आणले. त्याचा क्रमांक ४३९९, आणि युरोपच्या मानकाचा १३७५८. लेबलवर यांपैकी एखादा क्रमांक आणि यूपीएफचा आकडा असेल तर त्याला काही अर्थ आहे. नुसते ‘यूव्ही प्रोटेक्शन’ असे छापलेले असेल तर त्यावरून काहीच ठरवता येत नाही.

माझे मत विचाराल तर ३० आणि ५० यांमधल्या फरकासाठी जास्त पैसे घालू नयेत. तो फरक सव्वा टक्क्याचा आहे. यूपीएफ ५० चा अर्ध्या बाहीचा टी-शर्ट घातला तर कोपरापासून मनगटापर्यंतच्या हातावर ऊन शंभर टक्के पडते. आधी अंग झाकले जाऊ द्यावे, आकडा नंतर बघावा.

शिवाय लेबलवरचा आकडा बहुधा नव्या, कोरड्या आणि न ताणलेल्या कापडाचा असतो. बागेतले कापड घामाने भिजते आणि खांद्यावर ताणले जाते. पातळ पांढऱ्या सुती टी-शर्टचा यूपीएफ कोरडा असताना जेमतेम ५ ते ७ असतो, आणि भिजून अंगाला चिकटला की तो आणखी खाली येतो. विणीतली भोके हे सगळ्यांचे मूळ. कापडाच्या दहा टक्के जागेत भोके असतील तर त्याचा यूपीएफ १० च्या वर जाऊच शकत नाही, मग धागा कसलाही असो आणि रंग कितीही गडद असो. जाळीदार खेळाच्या जर्सी हलक्या आणि हवेशीर असतात खऱ्या, पण छाटणीसाठी त्या याच कारणाने नापास.

हे घरी तपासता येते. कापडाचा एकच पदर मोबाईलच्या फ्लॅशसमोर धरा. टाचणीने टोचल्यासारखे प्रकाशाचे ठिपके स्पष्ट दिसले तर वीण उघडी आहे. मग तेच कापड दोन्ही हातांनी थोडे ताणून बघा आणि शेवटी पाण्यात बुडवून, पिळून बघा. तिन्ही वेळा ठिपके दिसले नाहीत तर कापड कामाचे. या तपासणीची एक मर्यादा आहे. ती भोके दाखवते, धागा स्वतः किती किरण शोषतो ते दाखवत नाही. पॉलिस्टरचा धागा सुतापेक्षा जास्त शोषतो, आणि ब्लीच न केलेले सूत ब्लीच केलेल्यापेक्षा जास्त. बाजारात मिळणाऱ्या हाताच्या ताणत्या बाह्याही अशाच तपासाव्यात, पण दंडावर चढवून. पाकिटात गडद दिसणारी बाही दंडावर ताणली की फिकी पडते, आणि जिथे फिकी पडली तिथे वीण उघडली.

आता प्रत्यक्ष टोळीचे उदाहरण घेऊ. सहा बायका, लुगड्यावर नवऱ्याचा जुना फुल बाहीचा शर्ट, डोक्याला टापर. ही पद्धत मुळात चांगली आहे, कारण शर्ट सैल असतो आणि आत हवा खेळते. अडचण असते ती जुन्या शर्टाच्या खांद्यांची. दहा वर्षे धुतलेला पातळ सुती शर्ट प्रकाशासमोर धरला तर पुढचा भाग ठीक दिसतो, पण खांद्याच्या शिवणीजवळ आणि पाठीच्या वरच्या पट्ट्यात चाळणी झालेली असते. उभ्या सूर्याचे ऊन पडते नेमके तिथेच. घरात जुना टेरीकॉटचा शर्ट असेल तर तो आधी वापरावा, कारण तो इतका झिरझिरीत होत नाही. पण घाम टेरीकॉटमध्ये तितका मुरत नाही, म्हणून तो अंगासरशी घेऊ नये, एक माप मोठाच घ्यावा.

नवीन शिवणार असाल तर मांजरपाट घ्या. ब्लीच न केलेला, घट्ट विणीचा, आणि रंग फिका असल्याने उन्हात फारसा न तापणारा. गडद रंग अतिनील किरण जास्त अडवतो हे खरे, पण तो उष्णताही जास्त घेतो. आपल्याकडच्या बेचाळीस-त्रेचाळीस अंशांत मी तरी काळ्या-निळ्याकडे जाणार नाही. जीन्सचे कापड किरण जवळजवळ पूर्ण अडवते, पण त्यात दिवसभर विरळणी करून दाखवावी कुणी! मांजरपाट अडीच ते तीन मीटर लागेल. शिवायच्या आधी रात्रभर पाण्यात भिजवून वाळवा. ते आटते, आणि आटले की वीण आणखी मिटते.

शिंप्याला चार गोष्टी सांगाव्या लागतील. बाही नेहमीपेक्षा दोन इंच लांब ठेवायची, कारण तारेकडे हात गेला की बाही खाली घसरते आणि मनगट उघडे पडते. बाहीच्या टोकाला अंगठ्यात अडकवायचा बंद लावायचा. काखेत चौबगला घालायचा, म्हणजे हात वर केल्यावर खांद्याचे कापड ताणले जात नाही आणि काखेतून वाराही जातो. कॉलर उभी, दोन बोटे उंच ठेवायची. मान मागे टाकून काम करताना तिचा उपयोग गळ्याच्या बाजूंना होतो.

टोपीचे गणित जरा वेगळे आहे. ऑस्ट्रेलियात मोठ्या माणसासाठी किमान साडेसात सेंटीमीटर काठाची गोल टोपी सांगतात. असा काठ एप्रिलअखेरीस सकाळी नऊ वाजता कपाळापासून खाली साधारण सहा सेंटीमीटर सावली देतो, म्हणजे डोळे झाकतात, गाल नाही. साडेदहाला तीच सावली चौदा सेंटीमीटरपर्यंत, हनुवटीजवळ जाते. म्हणजे ऊन वाढते तशी टोपी जास्त काम करते. आपल्या नेहमीच्या पांढऱ्या टोपीला काठच नाही, आणि क्रिकेटच्या कॅपला फक्त पुढे आहे. कान आणि मानेची मागची बाजू दोन्हींत उघडीच राहते.

पण ही गोल टोपी उसाच्या खुरपणीत, डाळिंबात किंवा बांधावर चांगली. द्राक्षाच्या मांडवाखाली तिचा काठ तारेला आणि काडीला अडकतो. वर बघितले की मागचा काठ पाठीवर टेकून टोपी पुढे सरकते, आणि मग बाई वैतागून ती काढून खांबाला टांगते. मांडवाखाली पुढे टोचा आणि मागे-बाजूला खांद्यापर्यंत पडदा असलेली टोपी बरी. ती न मिळाल्यास साधी कॅप घालून तिच्यावरून टापर बांधावी आणि कापड मानेवर सैल सोडावे. मान वर केल्यावर चेहरा मात्र कोणत्याच टोपीने झाकत नाही. त्यावर उपाय उभे राहण्याच्या दिशेचा आहे. सकाळी पश्चिमेकडे तोंड करून ओळ धरावी, दुपारनंतर पूर्वेकडे. शिवाय दुपारच्या अतिनील किरणांपैकी निम्म्याच्या आसपास किरण थेट सूर्याकडून न येता मोकळ्या आकाशातून विखरून येतात, म्हणून नाक, गाल आणि हाताच्या पाठीला एसपीएफ ३० चे क्रीम लावावे आणि घाम येत असल्याने दर दोन तासांनी पुन्हा लावावे. गवताची विणलेली टोपी घ्यायची असेल तर ती उन्हात धरून सावली बघा. सावलीत कवडसे पडत असतील तर आतून मांजरपाटाचा तुकडा टाचून घ्या.

डोक्याला आपला सोलापुरी टॉवेल बांधणारे बरेच आहेत. टॉवेल जाड असल्याने ऊन चांगले अडवतो, आणि भिजवून मानेवर टाकला तर इथल्या कोरड्या हवेत चांगला गारवा देतो. पण तो नाकातोंडावरून घट्ट गुंडाळून चार तास काम करू नये. अंगातली उष्णता बाहेर पडायला वाट लागते. कपडे कातडी वाचवतात, उष्माघात टाळत नाहीत. कुणी असंबद्ध बोलू लागले, अडखळू लागले किंवा अंग चटका बसेल इतके तापले तर टापर आणि वरचा शर्ट लगेच काढावा, सावलीत निजवून अंगावर पाणी ओतत वारा घालावा आणि १०८ ला फोन करावा. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात पाणी घालू नये.

फवारणीचे कपडे वेगळे ठेवा. औषधाने भिजलेला शर्ट दुसऱ्या दिवशी विरळणीला घातला तर घामाबरोबर औषध कातडीत उतरते. तो धुवायचाही वेगळा. आणि छाटणीचा शर्ट दर हंगामाच्या सुरुवातीला खांद्यापाशी फ्लॅशसमोर धरून बघा. ठिपके दिसू लागले तर त्या पट्ट्यावर आतून दुसरे कापड लावून घ्या, सगळा शर्ट टाकायची गरज नाही.