तीस हजारीत चेंबर शोधताना: खानदेशातून दिल्लीला जाणाऱ्या नव्या ज्युनिअरांसाठी

रावेर, चोपडा किंवा शिरपूरच्या कोर्टात वकील शोधायचा म्हणजे बाररूमच्या दारात आडनाव घेतले की काम होते. त्यामुळे चेंबर क्रमांक नीट वाचण्याची सवय आपल्याला लागत नाही आणि तिची उणीव भासते ती दिल्लीत. केळीच्या व्यवहारांतून आझादपूर मंडीतल्या व्यापाऱ्यांशी वाद होतात, आणि मग कागदपत्रांसाठी कोणाला तरी पाठवायचे म्हटले की ज्युनिअरचाच नंबर लागतो.

एका केळी व्यापाऱ्याच्या वसुलीच्या दाव्यात समोरच्या पक्षाने दिल्लीत नोटरी केलेले प्रतिज्ञापत्र दाखल केले होते आणि नोटरीच्या रजिस्टरमधील नोंद पाहून येण्याचे काम माझ्याकडे आले. प्रतिज्ञापत्राच्या शेवटच्या पानावर तीन क्रमांक होते. गोल शिक्क्यातला क्रमांक हा नोटरीचा नोंदणी क्रमांक असतो. नियमानुसार या शिक्क्यात नोटरीचे नाव, कार्यक्षेत्र, नोंदणी क्रमांक आणि नेमणूक करणाऱ्या सरकारचे नाव येते, चेंबरचा क्रमांक येत नाही. ओळख पटविणाऱ्या वकिलाच्या सहीखाली तिरप्या रेघा आणि शेवटी वर्ष असलेला क्रमांक हा त्याच्या सनदेचा. चेंबरचा क्रमांक तिसरा, बाजूच्या चौकोनी रबरी शिक्क्यात, तोही पुसट. या तिघांची गल्लत सहसा थोडा वेळच टिकते, म्हणून त्याची फार चिंता करू नये.

खरा खड्डा पुढे आहे. त्या चौकोनी शिक्क्यात, समजा, ‘चेंबर नं. २१७, तीस हजारी कोर्ट, दिल्ली’ एवढेच असेल, तर तो पत्ता अपुरा आहे. तीस हजारीच्या आवारात वेस्टर्न विंग आहे, सिव्हिल साइड आहे, आणि चेंबर एकाच वेळी, एकाच क्रमाने बांधलेली नाहीत. त्यामुळे एकच क्रमांक एकाहून अधिक ठिकाणी भेटू शकतो. त्यात एका खोलीच्या दोन झाल्या की २१७ आणि २१७-ए अशी दारे तयार होतात, आणि ती शेजारीशेजारी असतीलच असे नाही. शेकड्याचा आकडा म्हणजे मजला, हा हिशेबही जुन्या बांधकामात चालेलच असे नाही. क्रमांक जुळला, दार उघडे आहे, आत कोट घातलेले गृहस्थ बसले आहेत, एवढ्यावर तुम्ही खुर्ची ओढून बसलात तर दुपार गेलीच म्हणून समजा. तुम्ही चुकीच्या दारात आहात हे क्रमांक कधीच सांगत नाही. ते फक्त नावाची पाटी सांगते. नोटरीने आपले नाव आणि ‘नोटरी’ हे पद दर्शवणारा फलक कार्यालयात ठळक जागी लावावा, असा नियमच आहे. पाटीवरचे नाव शिक्क्यातील नावाशी अक्षरशः जुळवा आणि मगच आत जा.

विंग कळण्याचा माझ्या मते सर्वांत भरवशाचा मार्ग म्हणजे ओळख पटविणाऱ्या वकिलाचे लेटरहेड. नोटरीच्या शिक्क्यात जागा नसते, पण लेटरहेडवर विंग बहुधा पूर्ण लिहिलेली असते आणि हे दोघे पुष्कळदा जवळपासच बसतात. लेटरहेड नसेल तर टायपिस्ट, झेरॉक्सवाला किंवा एखाद्या वकिलाचा मुन्शी यांना नाव सांगून विचारा. नुसता क्रमांक विचारलात तर तेही हात दाखवून मोकळे होतात. फाटकापाशी ‘नोटरी? नोटरी?’ करत मागे लागणाऱ्यांना कागद दाखवू नका. ते तुम्हाला त्यांच्याच ओळखीच्या नोटरीकडे नेतील. आणि जे सीनियर ‘तिथे गेल्यावर सापडेल’ म्हणून पाठवतात, त्यांना निघण्यापूर्वीच विंग विचारण्याचा आगाऊपणा अवश्य करावा.

आणखी एक गोष्ट: दावा ज्या कोर्टात असेल, वकिलाचे चेंबरही तिथेच असेल हे गृहीत धरू नका. दिल्लीत रोहिणी, साकेत, द्वारका, कडकडडूमा, पटियाला हाउस, राऊज अॅव्हेन्यू अशी जिल्हा न्यायालयांची वेगवेगळी संकुले आहेत. रोहिणीत उभा राहणारा वकील तीस हजारीत बसत असू शकतो.

पोहोचण्याची अडचण मात्र नाही. भुसावळहून पंजाब मेलने नवी दिल्ली, तिथून मेट्रोच्या यलो लाइनने कश्मीरी गेट आणि तिथे रेड लाइनला बदलले की पुढचेच स्थानक तीस हजारी. सकाळी वकील कोर्टरूममध्ये असतात, त्यामुळे कुलूप दिसले म्हणून घाबरू नका. दुपारच्या सुट्टीत किंवा कोर्ट उठल्यावर पुन्हा जा. दार सापडल्यावर प्रतिज्ञापत्रावरचा नोंदीचा अनुक्रमांक आणि तारीख पुढे करा, कारण नावावरून रजिस्टर चाळण्याचा उत्साह कोणालाच नसतो. नोंद पाहून झाल्यावर फाइलच्या आवरणावर विंग, मजला, चेंबर क्रमांक आणि पाटीवरचे नाव या क्रमाने पत्ता लिहून ठेवा. पुढच्या तारखेला बहुधा दुसराच ज्युनिअर जाणार असतो.