थिओडोसियस आणि बंद झालेली देवळं: या चुका टाळा

"इ.स. 380 मध्ये सम्राट थिओडोसियसने ख्रिस्ती धर्माला राजधर्म केले आणि जुनी मंदिरे बंद केली." वीस वर्षं इतिहास शिकवतेय आणि दरवर्षी उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यात हे वाक्य मला भेटतं. यातली चूक 'आणि' या शब्दात आहे. त्याच्या अलीकडची गोष्ट 380 ची, पलीकडची 391 ची. मधली अकरा वर्षं गिळली की हा विषय समजण्यासारखा उरतच नाही.

थिओडोसियसच्या आधीचा रोमन सम्राट कॉन्स्टंटाइन, त्याच्याबद्दल थोडक्यात सांगते. 313 च्या मिलानच्या कराराने ख्रिस्ती लोकांना, आणि त्यांच्यासोबत सगळ्यांनाच, आपापल्या देवाची उपासना करायची मोकळीक मिळाली. त्याने राजधर्म झाला नाही. 325 च्या निकाया इथल्या बिशपांच्या परिषदेनेही नाही. तिथे भांडण ख्रिस्ती लोकांचं आपसातलं होतं: पुत्र येशू हा देवपित्याच्याच तत्त्वाचा, की पित्याहून खालचा? हे भांडण लक्षात ठेवा, कारण पुढच्या चुकीची किल्ली त्यातच आहे.

380 चा हुकूम देवळांवर होता असं समजणं

ही चूक मला सर्वांत जास्त सलते, कारण ती पसरवण्यात माझाही नकळत हात लागला. काही वर्षांपूर्वी एका परीक्षा-मार्गदर्शकासाठी मी या विषयावर दोन पानं लिहून दिली. त्यात 380, 382, 391 आणि 392 असे चार टप्पे वेगळे केले होते. छापताना जागा कमी पडली म्हणून चार टप्प्यांचं एक वाक्य झालं, आणि ते वाक्य हेच, जे मी वर दिलं आहे. मला कळलं तेव्हा पुस्तक बाजारात पोचलं होतं. पुढच्या वर्षी वर्गातल्या एका मुलीने ते पुस्तक आणि माझ्या तासाची वही शेजारी शेजारी ठेवून विचारलं, "मॅडम, 380 मध्ये देवळं बंद केली, तर 382 मध्ये एडेसाचं देऊळ उघडं ठेवा असा हुकूम त्याच सम्राटाने कसा काढला?" तिचा प्रश्न अगदी बरोबर होता, आणि पुस्तकाकडे त्याचं उत्तर नव्हतं.

आता मूळ हुकूम पाहू. 27 फेब्रुवारी 380 रोजी तो थेस्सलोनिकाहून निघाला. ग्रेशियन, दुसरा व्हॅलेंटिनियन आणि थिओडोसियस अशा तिघा सम्राटांच्या नावाने, पण काढणारा थिओडोसियस. पाठवला कोणाला? कॉन्स्टँटिनोपल शहराच्या जनतेला. सगळ्या प्रजेने प्रेषित पीटरने रोमला दिलेला धर्म पाळावा, असं त्यात म्हटलंय; आणि ओळख म्हणून दोन हयात माणसांची नावं दिली आहेत, रोमचा बिशप डमासस आणि अलेक्झांड्रियाचा बिशप पीटर. त्यांच्या श्रद्धेप्रमाणे चालणाऱ्यांनी स्वतःला कॅथलिक ख्रिस्ती म्हणवावं. बाकीचे वेडे ठरले, आणि त्यांच्या सभास्थानांना 'चर्च' म्हणायला बंदी आली.

चर्च म्हणायला बंदी! जुपिटरच्या देवळाला चर्च कोण म्हणत होतं? हा शब्द ज्यांना झोंबणार होता ते ख्रिस्तीच होते. पुत्र पित्याच्याच तत्त्वाचा हा निकायाचा ठराव न मानणारे, ज्यांना आपण सरसकट एरियनपंथी म्हणतो. कॉन्स्टँटिनोपलची चर्चं तेव्हा त्यांच्या ताब्यात होती. नोव्हेंबर 380 मध्ये थिओडोसियस शहरात शिरला आणि त्यांचा बिशप डेमोफिलस याला विचारलं, निकाया मानतोस की जातोस? तो गेला, आणि शहराच्या तटाबाहेर उपासना चालवू लागला. त्याच्या जागी नाझियान्झसचा ग्रेगरी सैनिकांच्या पहाऱ्यात मुख्य चर्चमध्ये आणला गेला. या सगळ्या घटनाक्रमात देऊळ कुठेच येत नाही.

याचा भक्कम पुरावा कायद्यांच्या मांडणीतच आहे. 438 साली जाहीर झालेल्या थिओडोसियन संहितेचं सोळावं पुस्तक धर्माबद्दल आहे. 380 चा हुकूम त्याच्या पहिल्या प्रकरणात, कॅथलिक श्रद्धेखाली, घातला आहे. देवळं आणि बळी यांचे कायदे दहाव्या प्रकरणात आहेत. दोन्ही विषय एकच नाहीत हे त्या काळच्या संपादकांना स्वच्छ माहीत होतं.

म्हणून माझी एक सवय सांगते. कायद्याचा उतारा समोर आला की आधी वहीच्या समासात तीन गोष्टी लिहा: कुठून निघाला, कोणाला पाठवला, शिक्षा कोणाला. मजकूर मग वाचायचा. मुलांना याची घाई असते. पाच ओळींचा उतारा, पाच मिनिटांत संपवू, म्हणतात. पण पाकिटावरचा पत्ता न बघता पत्र वाचलं तर ते कोणाला रागावलंय हे कळणार कसं?

'देऊळ' म्हटल्यावर आपलं देऊळ डोळ्यांसमोर आणणं

ही चूक आपल्याकडे हमखास होते, आणि ती समजण्यासारखी आहे. आपल्याला गाभारा, दर्शनाची रांग, प्रसाद आठवतो. रोमन देऊळ मुख्यतः मूर्तीचं घर आणि मौल्यवान वस्तूंचं कोठार होतं. वेदी असायची बाहेर, पायऱ्यांसमोर, उघड्यावर. पूजेचा गाभा होता बळी, आणि तो त्या वेदीवर दिला जायचा. त्यामुळे कायदे आधी बळीवर येतात आणि दाराला कुलूप नंतर लागतं.

एडेसाचं कोडं इथे सुटतं. 30 नोव्हेंबर 382 चा तो हुकूम एडेसा ज्या प्रांतात होतं त्या ओस्रोईनच्या सेनाधिकाऱ्याला, पॅलेडियसला, होता. लोक जिथे जमतात ते देऊळ उघडं राहू द्या, मूर्तींची किंमत कलाकृती म्हणून करा, मात्र तिथे बळी होऊ देऊ नका. देऊळ उघडं, पूजा बंद. त्याच वर्षी साम्राज्याच्या पश्चिम भागात ग्रेशियनने रोमच्या सिनेटगृहातून विजयदेवीची वेदी हलवली आणि व्हेस्टा देवीच्या कुमारिका पुजारिणींना मिळणारा सरकारी पैसा थांबवला. सरकारी खर्चाने आणि सरकारच्या नावाने होणारी पूजा हाच त्या धर्माचा कणा होता. 384 मध्ये रोमचा नगरप्रमुख सिमाकस याने तो पैसा आणि ती वेदी परत मागितली. एवढ्या मोठ्या गूढापर्यंत एकाच वाटेने पोचता येत नाही, असं त्याने लिहिलं. मिलानचा बिशप अँब्रोज आडवा आला आणि अर्ज फेटाळला गेला. भिंतीचा एक दगडही न हलवता देवळं कशी सुकवली गेली ते इथे दिसतं.

कायदा निघाला म्हणजे काम झालं असं मानणं

350 च्या दशकात सम्राट कॉन्स्टँटियस दुसरा याने सगळीकडची देवळं बंद करायला आणि बळी देणाऱ्याला मृत्युदंड द्यायला सांगितलं होतं. तोच 357 मध्ये रोमला आला तेव्हा विजयदेवीची वेदी, जी पुढे परत बसवली गेली, त्याने हलवली खरी, पण देवळं हिंडून पाहिली आणि पुरोहितांच्या रिकाम्या जागाही भरल्या. म्हणजे कायद्याच्या तारखेवरून प्रत्यक्षाची तारीख काढता येत नाही.

आता 391. 24 फेब्रुवारीला मिलानहून रोमसाठी हुकूम निघाला: कोणी बळी देऊ नये, देवळाजवळ जाऊ नये, माणसाने घडवलेल्या मूर्तीकडे भक्तीने पाहू नये. शिक्षा बघा. न्यायदान करणारा अधिकारी पूजेसाठी देवळात शिरला तर त्याला 15 पौंड सोनं दंड, म्हणजे जवळजवळ पाच किलो. आणि त्याला न अडवणाऱ्या कचेरीलाही तेवढाच. दंड अधिकाऱ्यांवर आहे, कारण अधिकाऱ्यांतच जुन्या देवांचे भक्त भरपूर होते. त्या वर्षीचे दोन्ही कॉन्सल, म्हणजे सर्वोच्च मानाच्या पदावरचे दोघे, सिमाकस आणि तातियानस, जुन्या धर्माचेच होते. तोच सिमाकस, ज्याचा अर्ज सात वर्षांपूर्वी फेटाळला गेला होता.

16 जूनला तसाच हुकूम इजिप्तच्या अधिकाऱ्यांना गेला. त्यातही पाडायचा शब्द नाही. तरीही त्याच सुमारास अलेक्झांड्रियाचं सेरापिस या देवाचं भव्य देऊळ पडलं. कसं? बिशप थिओफिलसने एका जुन्या पूजास्थानातल्या गुप्त वस्तू बाहेर काढून त्यांची टवाळी केली. दंगा पेटला. जुन्या धर्माचे लोक सेरापिसच्या देवळात तट करून बसले आणि पकडून आणलेल्या ख्रिस्ती लोकांना त्यांनी छळलं, काहींना मारलं. सम्राटाचं उत्तर आलं: मेलेले ख्रिस्ती हुतात्मे ठरले, मारणाऱ्यांना माफी, आणि दंग्याचं मूळ असलेली पूजा संपवा. आत बसलेले पळाले. सेरापिसच्या मूर्तीला माणसाचा हात लागला तर आभाळ कोसळेल, अशी समजूत होती. एका सैनिकाने कुऱ्हाड उचलून तिच्या जबड्यावर घातली आणि आभाळ जागच्या जागी राहिलं. मग तुकडे करून ते शहरभर जाळले गेले. जोत्याचे दगड मात्र इतके अवजड होते की ते उचलता आले नाहीत.

हुकूम, स्थानिक बिशप, दंगल आणि सम्राटाची नंतरची मान्यता, असा चौघांचा मिळून तो विध्वंस आहे. "सम्राटाने पाडलं" असं लिहिलं की मधले दोघे गायब होतात.

8 नोव्हेंबर 392 चा हुकूम मला वाचताना नेहमी अस्वस्थ करतो, कारण तो घरात शिरतो. कुलदेवतेपुढे पेटवलेला अग्नी, घरच्या देवांना वाहिलेलं मद्य, दिवा, धूप, हार, झाडाला बांधलेली फीत, हे सगळं त्यात नाव घेऊन मना केलं आहे. जिथे धूप जळाला ते घर किंवा जमीन सरकारजमा. दुर्लक्ष करणाऱ्या अधिकाऱ्याला 30 पौंड सोनं. सर्वंकष बंदी म्हणायची ती ही, आणि नेमका हाच हुकूम उत्तरांत सहसा नसतो.

काही चुका एका ओळीत. 392 चा हुकूम ज्याला पाठवला तो रुफिनस अधिकारी होता. सेरापिसच्या देवळाची हकीकत लिहिणारा रुफिनस वेगळा. अलेक्झांड्रियाचं प्रसिद्ध ग्रंथालय या दंगलीत जळालं असं ठोकून देऊ नका, दंगलीच्या जुन्या वर्णनांत पुस्तकांची होळी नाही. आणि इजिप्तमधल्या फिलाईचं इसिस देवीचं देऊळ सहाव्या शतकात, जस्टिनियनच्या काळात बंद झालं, तेव्हा "392 मध्ये सर्व मंदिरे बंद" हेही चालणार नाही.

थिओडोसियस 395 मध्ये वारला आणि साम्राज्य दोन मुलांत वाटलं गेलं. 399 मध्ये पूर्वेच्या आर्केडियसच्या राज्यात हुकूम निघाला की खेड्यांतली देवळं गर्दी-गोंधळ न करता पाडावीत. त्याच वर्षी पश्चिमेच्या होनोरियसने स्पेन आणि गॉलच्या अधिकाऱ्यांना कळवलं की बळी बंद म्हणजे बंद, पण सार्वजनिक इमारतींची शोभा शाबूत राहिली पाहिजे. आणि पाडण्याचा परवाना म्हणून कोणी काही कागद पुढे केला, तर तो त्याच्या हातून काढून घ्यावा आणि आमच्याकडे पाठवावा.