फेसबुक खातं परत मिळालं, पण नाव-जन्मतारीख बदललेली आणि पोस्ट गायब: या चुका टाळा

चोरीला गेलेलं फेसबुक खातं परत ताब्यात आलं की बहुतेकांचा हात सगळ्यात आधी नावाकडे जातो. आपल्या फोटोखाली परकं नाव बघवत नाही, हे खरंच आहे. पण नाव महिनाभराने दुरुस्त केलं तरी बिघडत नाही. उडवलेल्या पोस्टचं तसं नाही, त्यांना मुदत असते. म्हणून आधी चोराचे उरलेले मार्ग बंद करायचे, मग पोस्ट वाचवायच्या आणि नाव-जन्मतारखेकडे त्यानंतर वळायचं. हा क्रम उलटला की हातातलं बरंच काही निसटतं.

एक उदाहरण घेऊ. समजा, साताऱ्यातल्या एका शिक्षिकेचं खातं 3 मार्चला गेलं. चोराने त्याच रात्री नाव बदललं, जन्मवर्ष 1978 चं 2009 केलं आणि 4 मार्चला कित्येक वर्षांच्या पोस्ट उडवल्या. खातं परत मिळालं 19 मार्चला. फेसबुकवर उडवलेली पोस्ट 30 दिवस Trash मध्ये राहते, म्हणजे बाईंच्या हातात 3 एप्रिलपर्यंतचा वेळ आहे. नाव एकदा बदललं की नेहमीच्या मार्गाने ते 60 दिवस पुन्हा बदलता येत नाही, आणि चोराने केलेला बदलही यात धरला जातो. म्हणजे नावाची वाट 2 मेपर्यंत बंद असू शकते. आधी कशाला हात घालायचा, ते या दोन तारखाच सांगतात.

चूक पहिली: पासवर्ड बदलला की झालं असं समजणं

पासवर्ड बदलल्यानंतरही चोराकडे दोन-तीन वाटा उरलेल्या असतात. पहिली वाट म्हणजे तुमचा ईमेल. फेसबुकचा इशारा तुम्हाला दिसू नये म्हणून चोर मेलबॉक्समध्ये एक फिल्टर लावून ठेवतो आणि फेसबुककडून आलेलं प्रत्येक पत्र थेट कचऱ्यात जातं. जीमेलच्या सेटिंगमध्ये Filters and Blocked Addresses आणि Forwarding and POP/IMAP ही दोन्ही पानं उघडा. तुम्ही न लावलेलं काहीही दिसलं तर काढून टाका. मग शोधाच्या चौकटीत हे टाका:

```
in:anywhere from:facebookmail.com
```

कचऱ्यात आणि स्पॅममध्ये गेलेली पत्रंही यात सापडतात. कोणत्या दिवशी किती वाजता ईमेल, फोन नंबर किंवा पासवर्ड बदलला गेला, हे त्यावरून कळतं. जीमेलचा कचराही 30 दिवसांनी रिकामा होतो, म्हणून ही पत्रं तिथून लगेच बाहेर काढून ठेवा.

दुसरी वाट अनेकांच्या लक्षातच येत नाही: फेसबुकच्या सेटिंगमधल्या Accounts Center मध्ये जोडलेलं परकं इन्स्टाग्राम खातं. चोर स्वतःचं एखादं खातं तुमच्या फेसबुकला जोडून ठेवतो. त्यातून परत आत शिरण्याची सोय राहतेच, पण त्याहून मोठा धोका वेगळा आहे. त्या खात्यावर काही गैर टाकलं गेलं आणि ते बंद झालं, तर जोडलेलं असल्यामुळे तुमचं फेसबुकही निलंबित होऊ शकतं. Accounts Center मधली खात्यांची यादी उघडा आणि ओळखीचं नसलेलं प्रत्येक खातं काढा. निलंबनाची सूचना आधीच आली असेल, तर अपील करायला 180 दिवस असतात. ते टाळत बसू नका.

तिसरी वाट द्विस्तरीय पडताळणीची, म्हणजे पासवर्डनंतर मागितल्या जाणाऱ्या कोडची. चोराने तिथे असे कोड देणारं स्वतःचं ऑथेंटिकेटर ॲप किंवा नंबर जोडलेला असतो. Password and security मध्ये जाऊन Two-factor authentication उघडा, परकी साधनं काढा आणि रिकव्हरी कोड नव्याने घ्या. नवे कोड घेतले की जुने निकामी होतात. मग Where you're logged in मधून बाकीच्या सगळ्या उपकरणांवरून लॉगआउट करा. तुमच्याकडे एखादं फेसबुक पेज किंवा जाहिरातींचं खातं असेल, तर तिथले ॲडमिन आणि जोडलेली कार्डंही याच वेळी तपासा.

चूक दुसरी: ‘पोस्ट गेल्या’ असं आधीच ठरवून टाकणं

टाइमलाइन रिकामी दिसली म्हणजे सगळं उडालं असं होत नाही. कधी चोर पोस्ट Archive मध्ये टाकतो, कधी त्यांचा प्रेक्षक Only me करून ठेवतो. दुसऱ्या प्रकारात पोस्ट तुम्हाला दिसतात आणि मित्रांना दिसत नाहीत, म्हणून एखाद्या मित्राला त्याच्या फोनवर तुमचं प्रोफाइल उघडायला सांगा.

उडवलेल्या पोस्टसाठी प्रोफाइलवरचे तीन ठिपके, तिथून Activity log आणि मग Trash असं जा. Restore केलेली पोस्ट तिच्या मूळ तारखेवर परत येते. शेकडो पोस्ट असतील तर सगळ्या एकदम निवडू नका. काम अर्धवट अडकतं आणि कोणत्या आल्या, कोणत्या राहिल्या हे कळत नाही. महिन्या-महिन्याने निवडा, परत आणा, पान ताजं करून खात्री करा आणि मग पुढे जा. सर्वांत आधी उडवलेल्या पोस्ट सर्वांत आधी परत घ्यायच्या, कारण त्यांचीच मुदत आधी संपते.

Trash रिकामी असेल तर चोराने तिथूनही त्या कायमच्या काढल्या आहेत किंवा 30 दिवस उलटले आहेत. त्या पोस्ट परत आणण्याचं बटण त्यानंतर कुठेच नसतं. उडवलेला मजकूर सर्व्हरवरून पूर्ण पुसला जायला 90 दिवसांपर्यंत लागू शकतात असं कंपनी सांगते. ते वाचून अनेक जण 90 दिवस आशेवर राहतात. पण ती मुदत पुसण्याच्या कामाची आहे, त्यात तुम्हाला काही परत मागता येत नाही. इतके हजार द्या, आतल्या माणसाकडून पोस्ट काढून देतो, असे मेसेज याच काळात येतात. ते करणारे भामटे असतात. त्यांना पैसे देऊ नका आणि कोणताही कोड तर अजिबात सांगू नका.

चूक तिसरी: जन्मतारखेवर प्रयोग करणं

जन्मतारीख चोर उगाच बदलत नाही. फेसबुकने ओळखपत्र मागितलं तर ते जुळू नये हा एक हेतू असतो. वय 13 च्या खाली दाखवलं तर खातंच बंद पडू शकतं, हा दुसरा. म्हणून नावाआधी तारीख दुरुस्त करा: Accounts Center, Personal details, Birthday. अलीकडेच बदल झाला असेल तर काही दिवस थांबायला सांगतात, आणि असे बदल मर्यादित वेळाच करता येतात. चुकीची तारीख टाकून पुन्हा बदलू, असं केलंत तर अडकून पडाल.

आपल्याकडे यात एक खास अडचण येते. शाळेत नाव घालताना जन्मतारीख 1 जून लावलेली माणसं महाराष्ट्रात भरपूर आहेत. कागदोपत्री 1 जून, खरा वाढदिवस नोव्हेंबरात आणि फेसबुकवर अर्थातच नोव्हेंबरातली तारीख. एरवी त्याने काही अडत नाही, पण ओळखपत्र देण्याची वेळ आली की तारखा जुळत नाहीत. आता बदल करतोच आहोत तर ओळखपत्रावर आहे तीच तारीख टाका. भलत्या दिवशी शुभेच्छा नको असतील तर दिवस-महिना आणि वर्ष या दोन्हींचा प्रेक्षक Only me ठेवा.

चूक चौथी: नाव घाईने, हवं तसं लिहिणं

खातं परत मिळताना फेसबुक जी सुरक्षा तपासणी दाखवतं, तिथे अलीकडचे बदल विचारले गेले तर ते नीट वाचून मगच पुढे जा. जुनं नाव तिथेच परत घेता आलं तर 60 दिवसांचा प्रश्नच मिटतो. नाही मिळालं तर ओळखपत्र देऊन नाव दुरुस्त करण्याचा अर्ज करावा लागतो. पासपोर्ट किंवा वाहन परवाना याला चालतो. चारही कोपरे दिसतील असा, चमक न आलेला फोटो काढा आणि ओळखपत्राचा क्रमांक झाका. नाव, जन्मतारीख आणि फोटो मात्र स्वच्छ दिसला पाहिजे.

अर्ज नाकारला जातो तो बहुधा नाव लिहिण्याच्या पद्धतीमुळे. नावात पदवी किंवा मानाचं बिरुद चालत नाही, म्हणजे ‘डॉ.’, ‘ॲड.’, ‘सर’, ‘साहेब’ वगळा. एकाच नावात दोन लिप्याही चालत नाहीत. नाव देवनागरीत आणि आडनाव रोमनमध्ये असा प्रकार पूर्वी खपून गेला असेल, पण आता नव्याने तपासताना अडेल. पासपोर्टवर रोमन लिपी असते, म्हणून तेच स्पेलिंग टाका. माहेरचं आडनाव किंवा टोपणनाव Other names मध्ये वेगळं जोडता येतं.

तोवर खात्याचं नाव परकंच दिसणार. काही मित्र काळजीपोटी ते खातं बनावट म्हणून रिपोर्ट करत राहतात. त्यांना फोन करून थांबवा, नाहीतर दुरुस्ती चालू असतानाच खात्यावर नवं संकट येतं.

चूक पाचवी: हरवलेलं एका रात्रीत परत चढवणं

Trash मधून जे आलं नाही, ते गोळा करावं लागतं. आधी फेसबुकवरची आपली माहिती उतरवून घ्या: Download your information किंवा Export your information, सगळा कालावधी, HTML प्रकार, फोटोंचा दर्जा उच्च. फाइल तयार झाली की ती फक्त चार दिवस उपलब्ध असते. कायमच्या उडवलेल्या पोस्ट तिच्यात मिळत नाहीत, पण कमेंट आणि लॉगिनच्या नोंदी मिळतात, आणि तक्रारीला त्या उपयोगी पडतात. पूर्वी कधी अशी फाइल उतरवून ठेवली असेल तर ती मात्र शोधाच.

फोटो फोनमध्ये, गूगल फोटोजमध्ये आणि तुम्हाला टॅग केलेल्या मित्रांकडे सापडतात. व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोत मूळ तारखेची नोंद उरत नाही, पण अँड्रॉइडवर फाइलचं नाव मदतीला येतं. `IMG-20190614-WA0003.jpg` म्हणजे हा फोटो 14 जून 2019 ला व्हॉट्सॲपवर आला किंवा गेला. पोस्टची तारीख ठरवायला बहुतेक वेळा एवढा आधार पुरतो.

चढवताना पोस्ट आधी Only me ठेवा, तीन ठिपक्यांमधून Edit date ने जुनी तारीख लावा आणि मग प्रेक्षक बदला. आधीच सर्वांना दाखवलीत तर 2019 ची सहल आज झाल्यासारखी सगळ्यांच्या फीडमध्ये येईल. दिवसाला थोड्याच पोस्ट टाका. नुकतंच परत मिळालेलं खातं धडाधड पोस्ट करू लागलं की ते स्पॅम समजलं जातं आणि पोस्ट करण्यावर तात्पुरती बंदी येते. जुने लाइक आणि कमेंट मात्र नव्याने टाकलेल्या पोस्टवर येत नाहीत.

मेसेंजरही बघा. पैसे मागितलेले संवाद चोर Archive मध्ये लपवतो किंवा उडवतो. तुमच्याकडची प्रत उडाली तरी समोरच्याकडे ती बहुधा राहते, म्हणून त्याच्याकडून तारीख-वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट मागवा. कुणी पैसे पाठवले असतील तर त्याने स्वतः ताबडतोब सायबर फसवणुकीसाठीच्या 1930 या हेल्पलाइनवर फोन करावा आणि cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवावी. तुम्हीही मेलमध्ये सापडलेल्या तारखा आणि वेळा देऊन वेगळी तक्रार करा. त्या दिवसांत खातं तुमच्या हातात नव्हतं, याची नोंद तिथे राहते.