लिहायच्या आधी युक्तिवादाचा नकाशा : पूरपट्ट्याच्या एका प्रकरणावरून

"पूरपट्ट्यात बांधकाम नको" हे वाक्य कोल्हापुरात निम्म्या घरांत तरी ऐकू येतं. 2019 आणि 2021 चा पूर पाहिलेल्या माणसाला त्याचं कारण विचारावंही लागत नाही. लघुप्रबंधात हेच विधान सिद्ध करायचं म्हटलं की मात्र पानं भरतात आणि मुद्दा काही पुढं सरकत नाही. विद्यापीठात माझ्याकडे मसुदे दाखवायला येणाऱ्या मुलांना मी आता आधी कागदावर नकाशा काढायला लावते. त्यातल्याच एकीचं प्रकरण इथं सांगते. ती प्रयाग चिखलीची, भूगोल विषयात एम.ए. करणारी.

युक्तिवादाचा नकाशा म्हणजे माइंड मॅप नव्हे, हे आधी सांगायला हवं. माइंड मॅपमध्ये 'पुराचा इतिहास', 'कायदे', 'परिणाम' असे शब्द चौकटीत टाकले तरी चालतात. इथं प्रत्येक चौकटीत पूर्ण वाक्य लागतं, आणि तेही खरं किंवा खोटं ठरू शकेल असं. 'पुराचा इतिहास' यावर कुणाला आक्षेपच घेता येत नाही, त्यामुळे तो नकाशात निरुपयोगी. निष्कर्ष सगळ्यात वर लिहायचा, त्याखाली कारणं, आणि कारणांकडून वर जाणारे बाण. आक्षेप वेगळ्या रंगात. पद्धत जुनीच आहे : विग्मोर या अमेरिकन कायदेपंडिताने 1913 मध्येच खटल्यातल्या पुराव्यांसाठी असे तक्ते मांडले होते.

तिचा पहिला नकाशा दोनच चौकटींचा होता. वर "पूरपट्ट्यात बांधकामाला परवानगी देऊ नये" आणि खाली "कारण भराव टाकला की पाणी शेजारच्या वस्तीत सरकतं." दिसायला ठीकच. पण वरचा 'परवानगी' हा शब्द खाली कुठेच नाही. खालचं 'शेजारच्या वस्तीत' वर नाही. मग ही दोन वाक्यं जोडली कशानं?

टिम व्हॅन गेल्डर यांच्या मेलबर्नमधल्या गटाने यासाठी दोन सोपे नियम रूढ केले. पहिला सशाचा : जादूगाराच्या टोपीतून ससा निघायचा तर तो आधी टोपीत असावा लागतो, तसा निष्कर्षातला प्रत्येक महत्त्वाचा शब्द कुठल्यातरी कारणात असलाच पाहिजे. दुसरा हात धरण्याचा : कारणातला जो शब्द निष्कर्षात नाही, तो निदान दुसऱ्या एखाद्या कारणात यायला हवा. हे लावून पाहिलं की न बोललेली गृहीतकं आपोआप बाहेर पडतात.

तिच्या कागदावर एकाच्या तीन चौकटी झाल्या. एक, नदीलगतची निळी पूररेषा आणि तिच्या पलीकडची, मोठ्या पुराची लाल पूररेषा यांच्यामधला पट्टा मोठ्या पुरात पाण्याखाली जातो. दोन, अशा जागी भराव टाकला की पुराचं पाणी शेजारच्या वस्तीत जास्त चढतं. तीन, ज्या कामामुळे शेजारच्या वस्तीत पाणी जास्त चढतं त्याला परवानगी देऊ नये. या तिन्हींमधून मिळून एकच बाण वर जातो, कारण एक जरी काढली तरी उरलेल्या दोन निष्कर्षापर्यंत पोचत नाहीत. स्वतंत्र कारण असेल तर त्याला स्वतंत्र बाण द्यायचा. पुढं मसुद्यात कोणती वाक्यं एकत्र राहायला हवीत, ते इथंच ठरतं.

तिसरी चौकट बघून ती म्हणाली, "ताई, हे तर सगळ्यांना मान्यच आहे की, लिहायचं कशाला?" मान्य असेल तर एका वाक्यात आटपेल. पण बिल्डरचा आक्षेप नेमका तिथंच येणार असेल, तर ती चौकट कागदावर हवीच.

मग आक्षेप. नवीन माणूस सगळे आक्षेप निष्कर्षाला चिकटवतो आणि मसुद्यात शेवटी 'काही आक्षेप' असा परिच्छेद टाकून मोकळा होतो. त्यापेक्षा प्रत्येक आक्षेप कुठल्या चौकटीला भिडतो ते शोधायचं.

"खांबांवर बांधलं तर पाणी खालून जाईल की." हा आक्षेप तिन्हींपैकी एकाही कारणाला लागत नाही, कारण कारणं भरावाबद्दल आहेत. म्हणजे निष्कर्षातला 'बांधकाम' हा शब्दच जास्त रुंद झालाय. तिनं तो बदलून 'भराव टाकून केलेलं बांधकाम' असा केला, आणि 'पूरपट्टा' याऐवजी 'निळ्या आणि लाल रेषेमधला पट्टा'. निळ्या रेषेच्या आत तसंही निषिद्ध क्षेत्र असल्यानं वाद खरा या मधल्या पट्ट्याचाच आहे.

"पूर अलमट्टी धरणामुळं येतो, भरावामुळं नव्हे." कोल्हापुरात हे येणारच. पण नकाशावर याला बसायला जागा नाही. पूर कशानेही येवो, आलेलं पाणी भरावामुळे शेजारी सरकतं का, एवढाच दुसऱ्या चौकटीचा प्रश्न. मसुद्यात तिनं यावर दोन ओळी खर्च केल्या, आधीच्या खर्ड्यात चार पानं होती.

खरा जड आक्षेप घरातूनच आला. तिचे काका म्हणाले, "एका प्लॉटच्या भरावानं काय फरक पडतोय?" हा थेट दुसऱ्या चौकटीवर. आम्ही हिशेब केला. पाच गुंठे म्हणजे साधारण 500 चौरस मीटर, त्यावर दोन मीटर भराव म्हणजे 1000 घनमीटर. पुराच्या मानानं हे नगण्यच, काका बरोबर होते. असे शंभर प्लॉट धरले तर एक लाख घनमीटर, आणि एक चौरस किलोमीटरवर पसरलं तर दहा सेंटीमीटर. वाहत्या नदीला हा साधा हिशेब लागू होत नाही, प्रवाह अडल्याचा परिणाम वेगळा मोजावा लागतो, पण आक्षेपाची ताकद कळायला एवढं पुरेसं. दुसरी चौकट त्यामुळे 'पट्ट्यात मोठ्या प्रमाणावर भराव पडले की' अशी झाली. मग हात धरण्याचा नियम लावल्यावर तिसरीही बदलावी लागली : परवानगी एकेकाला मिळते, नुकसान मात्र सगळ्यांचे भराव मिळून होतं. त्यामुळे 'एकाला दिली तर तशाच इतरांना नाकारता येत नाही' अशी चौथी चौकट आली. प्रबंधाचा सगळ्यात मजबूत परिच्छेद या चौथीवर उभा राहिला, आणि पहिल्या खर्ड्यात ती नव्हतीच.

आणखी एक जात असते : "सगळं खरं मानलं, तरी परवानगी नाकारून लोक भराव टाकायचे थांबतात का?" असा आक्षेप बाणावर आलाय असं वाटतं. छुपी गृहीतकं नीट लिहिली की तोही कुठल्यातरी चौकटीवर येऊन बसतो. इथं तो तिसरीवर बसला, कारण 'परवानगी देऊ नये' म्हणताना नकाराचा उपयोग होतो हे तिनं गृहीत धरलं होतं. त्याला उत्तर द्यायला पुरावा नव्हता, म्हणून तिनं ती मर्यादा म्हणून लिहिली.

नकाशावरून मसुद्याकडे जाताना एक चौकट, एक परिच्छेद असं यांत्रिक करू नका. ज्या चौकटीवर आक्षेप नाही ती एका वाक्यात येऊ द्या, ज्यावर जड आक्षेप आहे तिला दोन पानं द्या, आणि आक्षेप त्याच जागी हाताळा. पुराव्याचा कागद ज्या चौकटीखाली नाही तिथं पेन्सिलीनं गोल करा. तिच्या नकाशात गोल पडला तो पहिल्या चौकटीखाली : पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची 43 फुटांची धोका पातळी तिला पाठ होती, पण तिच्या गावाजवळ पूररेषा नेमकी कुठून जाते याचा नकाशा हातात नव्हता. तो मिळवायला पाटबंधारेच्या कार्यालयात जायचं, हे तिच्या यादीत पहिलं काम झालं.

तीन पातळ्यांपेक्षा खोल जाऊ नका, कागद जाळ्यासारखा होतो आणि वाचता येत नाही. वर्णनात्मक प्रकरणाला, म्हणजे नदीचं खोरं किंवा पर्जन्यमान सांगताना, हे वापरू नका, तिथं निष्कर्षच नसतो. आणि कोणतं कारण किती वजनाचं, हे नकाशा सांगत नाही, ते तुम्हालाच ठरवावं लागतं. सॉफ्टवेअर मिळतात, पण सुरुवातीला मोठा कागद आणि चिकटचिठ्ठ्या घ्या, कारण पहिल्या तासात निम्म्या चौकटी जागा बदलतात.