गणिताच्या उत्तरपत्रिका तपासताना या चुका टाळा : निवृत्त परीक्षकाचे नव्या परीक्षकांना पत्र

कोल्हापूर

नव्या परीक्षक बंधुभगिनींनो,

सप्रेम नमस्कार.

दहावीच्या गणिताचा पहिला गठ्ठा हाती आला की नव्या परीक्षकाला दोन गोष्टींची धास्ती असते. एक म्हणजे बेरीज चुकेल ही, आणि दुसरी म्हणजे गठ्ठा वेळेत संपणार नाही ही. दोन्ही धास्ती रास्त आहेत, पण नियामक म्हणून इतरांनी तपासलेले गठ्ठे पाहताना मला मुलांचे जास्त नुकसान तिसऱ्याच ठिकाणी झालेले दिसले. उत्तरात एक पायरी चुकली की परीक्षक तिथे लाल रेघ ओढतो आणि खालचे वाचतच नाही. या पत्रात मुख्यतः त्याबद्दलच लिहितो.

उदाहरण घेऊ. एका आयताकृती वाफ्याची लांबी रुंदीपेक्षा ५ मीटरने जास्त आहे आणि क्षेत्रफळ ८४ चौरस मीटर आहे, तर लांबी व रुंदी काढा, असा ४ गुणांचा प्रश्न आहे असे समजा. रुंदी x मानली की x(x + 5) = 84, म्हणजे x² + 5x − 84 = 0 हे समीकरण मिळते. त्याचे अवयव (x + 12)(x − 7), म्हणून x = −12 किंवा x = 7. रुंदी ऋण नसते, म्हणून रुंदी ७ मीटर व लांबी १२ मीटर. गुणदान योजनेत समीकरणाला एक, अवयवांना एक, मुळांना एक आणि ऋण मूळ सोडून एककासह उत्तर लिहिण्याला एक, अशी विभागणी आहे असे धरू.

आता एका मुलाने समीकरण बरोबर मांडले, पण अवयव पाडताना चिन्हांची अदलाबदल करून (x − 12)(x + 7) = 0 असे लिहिले. त्यावरून त्याने x = 12 किंवा x = −7 काढले, −7 सोडून दिले, आणि रुंदी १२ मीटर, लांबी १७ मीटर असे उत्तर लिहिले. घाईतला परीक्षक शेवटचे उत्तर पाहतो, ते जुळत नाही म्हणून समीकरणाचा एक गुण देतो आणि पान उलटतो. वास्तविक या मुलाची चूक एकच आहे. त्याने लिहिलेल्या अवयवांवरून मुळे अचूक निघतात, ऋण मूळ त्याने कारण देऊन सोडले आहे आणि लांबी रुंदीपेक्षा पाचाने जास्त ठेवली आहे. अवयवांचा एक गुण गेला, पण बाकीचे तीन त्याचे आहेत. एका चुकीची शिक्षा एकदाच द्यायची असते.

या नियमालाही मर्यादा आहे आणि ती नव्या परीक्षकांच्या लवकर ध्यानात येत नाही. दुसऱ्या मुलीने x(x + 5) = 84 मांडल्यानंतर कंस सोडवताना x² + 5 = 84 असे लिहिले, त्यावरून x² = 79 आणि x = √79 काढले. इथेही चूक एकच आहे, पण त्या चुकीमुळे वर्गसमीकरण सोडवण्याचे कामच उरले नाही. अवयव पाडता येतात की नाही हे तिच्या उत्तरावरून कळत नाही, म्हणून त्या पायऱ्यांचे गुण देता येत नाहीत. चुकीनंतर उरलेले काम मूळ प्रश्नाइतकेच कठीण राहिले की सोपे झाले, हे आधी पाहावे. तेवढेच कठीण राहिले असेल तर पुढचे गुण द्यावेत. सोपे झाले असेल तर जे कौशल्य तपासलेच गेले नाही, त्याचे गुण धरू नयेत. या मुलीला माझ्या मते समीकरणाचा एक गुण मिळावा. ऋण मूळ सोडण्याचा गुण द्यायचा की नाही यावर मतभेद होऊ शकतो आणि तो तुम्ही एकट्याने मिटवू नये. नियामकांना विचारावे आणि मिळालेला निर्णय संपूर्ण गठ्ठ्याला लावावा.

तिसरा मुलगा समीकरण मांडतच नाही. ७ × १२ = ८४ आणि १२ − ७ = ५, म्हणून रुंदी ७ आणि लांबी १२, एवढेच लिहितो. अशा उत्तराला कुणी पूर्ण गुण देतो, तर कुणी शून्य, आणि एकाच केंद्रावर दोन शेजारच्या टेबलांवर असे घडलेले मी पाहिले आहे. ही उत्तरे दरवर्षी येतात. म्हणून तपासणीपूर्व बैठकीतच हा प्रश्न विचारून घ्यावा. गठ्ठा अर्धा झाल्यावर विचारला तर मागची सगळी उत्तरे पुन्हा उघडावी लागतात.

भाषेबद्दल एक सांगतो. कोल्हापूर विभागात कोल्हापूर, सांगली आणि सातारा या तिन्ही जिल्ह्यांतली मुले येतात आणि कितीतरी जण बोलतात तसेच लिहितात. ‘रुंदी उणे कशी असंल?’ एवढे लिहून कुणी −12 वर काट मारली, तर ऋण मूळ सोडण्याचे ते पूर्ण कारण आहे. गणिताच्या पेपरात प्रमाणभाषेला गुण नाहीत.

दुसरी चूक हळूहळू घडते. पहिल्या दहा-बारा उत्तरपत्रिकांना हात आखडता असतो, मग चांगल्या उत्तरपत्रिका एकामागून एक आल्या की साधारण उत्तर कच्चे वाटू लागते, आणि दुपारी जेवणानंतर कंटाळ्यामुळे तेच उत्तर चालून जाते. हे स्वतःला जाणवत नाही, म्हणून पारख करावी लागते. गठ्ठा अर्धा झाला की सुरुवातीच्या तीन-चार उत्तरपत्रिका काढाव्यात, समासातल्या गुणांवर कागदाची पट्टी ठेवून ४ गुणांचा एखादा प्रश्न पुन्हा तपासावा आणि मग पट्टी उचलावी. एकाच बाजूला, सतत एकेका गुणाचा फरक दिसला तर तुमचे माप सरकले आहे, आणि मधल्या उत्तरपत्रिकाही परत पाहायला हव्यात. नियमाने परवानगी असेल तिथे एका वेळी एकच मोठा प्रश्न सगळ्या गठ्ठ्यात तपासत जावे. पाने उलटण्याचे काम वाढते, पण गुणदान योजना डोक्यात ताजी राहते आणि आधीच्या प्रश्नातल्या चांगल्या किंवा गिचमिड अक्षराची छाया पुढच्यावर पडत नाही.

काठावरच्या मुलांविषयी नव्या परीक्षकांचे मन हळवे असते. बेरीज काठाच्या एक-दोन गुण अलीकडे थांबली की ते पुन्हा पाने चाळून गुण शोधतात. भरपूर गुण मिळालेल्या मुलाचे दोन गुण राहिले असतील, तर ते मात्र कुणी शोधत नाही. सवलतीचे गुण देण्याचे नियम मंडळाचे आहेत आणि ते मंडळच लावते. परीक्षकाने तो अधिकार आपल्याकडे घेऊ नये. काठावरची उत्तरपत्रिका पुन्हा वाचायचीच असेल, तर काठाच्या वर निसटलेलीही त्याच डोळ्यांनी वाचावी. ते जमणार नसेल तर एकही वाचू नये.

राहिली बेरीज. निकालानंतर विद्यार्थी छायाप्रत मागवू शकतो आणि पुनर्मूल्यांकनाचा अर्जही करू शकतो, त्यामुळे तुमचे प्रत्येक पान त्याच्या घरातली मंडळी वाचणार आहेत असे धरून चाला. समासातले गुण स्पष्ट अंकात लिहा, खाडाखोड झाली तर सही करा, आणि कोरे दिसणारे पान ओलांडण्याआधी ते उलटून पाहा. राहिलेला उपप्रश्न मुले बहुधा शेवटच्या पानावर, कच्च्या कामाच्या खाली किंवा पुरवणीच्या मागच्या बाजूला सोडवतात. मुखपृष्ठावरची बेरीज एकदा प्रश्नक्रमाने करा आणि एकदा पानांच्या क्रमाने. दोन्ही जुळल्या नाहीत तर बहुतेक वेळा एखादा उपप्रश्न मुखपृष्ठावर चढवायचाच राहिलेला असतो.

आपला,
एक निवृत्त परीक्षक