कोशाच्या आत अळीचं फुलपाखरू कसं बनतं, आणि ते घरी कसं बघायचं

पावसात परसातल्या कढीपत्त्यावर किंवा लिंबावर पक्ष्याच्या शिटेसारखी बारीक अळी दिसली तर झटकून टाकू नका, ती बहुतेक लाईम बटरफ्लायची नाहीतर कॉमन मॉर्मनची असते, गोव्यात दोन्ही भरपूर.

१. अळी मोठी होऊन हिरवी झाली की फांदीसकट मोठ्या बरणीत ठेवा आणि आत एक खडबडीत काडी तिरकी लावा. तोंडाला जाळीदार कापड बांधा, झाकण नको, आपल्या दमट हवेत बुरशी धरते. पाला रोज ताजा, औषध मारलेला अजिबात नको.

२. एक दिवस ती खाणं सोडते, पातळ शी करून पोट रिकामं करते आणि भटकत सुटते. मग काडीवर रेशमाची गादी करून शेपूट अडकवते, कमरेभोवती धागा घेते आणि साधारण दिवसभर तशीच थांबते. ह्या वेळी बरणी हलवू नका. मग ती कातडी टाकते, आणि आतून निघतो तो कोश.

३. आता भिंग घ्या. कोशावर पहिल्याच दिवशी पंख, पाय, सोंड ह्यांच्या रेषा दिसतात! कारण पंखांच्या पेशींचे छोटे गठ्ठे अळीच्या अंगात आधीपासूनच असतात, फक्त अळीला अळीच ठेवणारं जुव्हेनाईल हॉर्मोन त्यांना दाबून ठेवतं. ते कमी झालं आणि एक्डायसोन हे कातडी टाकायला लावणारं हॉर्मोन वाढलं की गठ्ठे फुलतात.

४. मोडतोड त्याच्या जोडीनेच चालते. पाला चावायचे आणि सरपटायचे स्नायू, पानं पचवणारं आतडं, ह्यांच्या पेशी स्वतःच मरतात, रक्तातल्या पेशी त्यांचा फडशा पाडतात आणि तेच प्रोटीन, साठवलेल्या चरबीसकट, नव्या स्नायूंना लागतं. पण सगळ्याचं सूप होतं असं लोक सांगतात ते काही खरं नाही, हृदयाची नळी, श्वासनळ्या आणि मेंदू राहतात, फक्त त्यांची डागडुजी होते. म्हणूनच २००८ मधे अमेरिकेत एका पतंगाच्या अळ्यांना शॉक देऊन एक वास टाळायला शिकवलं तर मोठेपणी पतंगांनीही तो टाळला, मात्र हे शेवटच्या टप्प्यातल्या अळ्यांनाच जमलं.

५. गरमीत आठवडाभरात कोशातून पंखांचे रंग दिसायला लागले की बहुतेक दुसऱ्या दिवशी सकाळी फुलपाखरू बाहेर येतं. पंख चुरगळलेले असतात, त्यात रक्त ढकलून ते पसरतं, त्यासाठी लटकायला जागा हवी, नाहीतर पंख वाकडेच वाळतात. खाली लालसर-तपकिरी थेंब पडले तर घाबरू नका, ती कोशात साठलेली घाण असते.

कोश तपकिरी आहे म्हणून मेला असं धरू नका, काडीच्या रंगावर तो हिरवा किंवा तपकिरी होतो. डोक्याकडे चीर पडून उघडला असेल तर फुलपाखरू गेलं, आणि अंगावर नुसतीच बारीक गोल भोकं असतील तर आतून परजीवी गांधीलमाश्या निघाल्या.