एक निकाल, दोन बातम्या: गोव्याच्या खाण घोटाळ्याच्या बातम्या पाच गाळण्यांतून कशा तपासायच्या

एडवर्ड हरमन आणि नोम चॉम्स्की यांनी १९८८ मध्ये प्रचार-प्रारूप मांडलं. त्यांचं म्हणणं असं, की मोकळ्या समाजातही बातमी छापून येईपर्यंत पाच गाळण्यांतून जाते: मालकी, जाहिरात, माहितीचे स्रोत, दबाव आणि सर्वांनी गृहीत धरलेली विचारसरणी. बातमी दडपली जाते असं हे प्रारूप म्हणत नाही. बातमी येते, पण तिच्यातला कुठला भाग वर राहतो आणि कुठला दुसऱ्या दिवशी विरून जातो, हे गाळण्या ठरवतात. हे तपासायला गोव्यातल्या लोहखनिज प्रकरणाइतकं हाताशी असलेलं उदाहरण आपल्याला दुसरं मिळणार नाही.

आधी घटनाक्रम. बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाचा अहवाल ७ सप्टेंबर २०१२ रोजी संसदेत मांडला गेला. गोव्यात झालेल्या नुकसानीचा त्यातला अंदाज ३४,९३५ कोटी रुपयांचा होता. १० सप्टेंबरला राज्य सरकारने खाणी थांबवल्या आणि गोवा फाउंडेशन या पर्यावरणवादी संस्थेच्या याचिकेवर ५ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. २१ एप्रिल २०१४ रोजी निकाल लागला.

आपण हा निकाल घ्यायचा, कारण त्याच्या पोटात दोन बातम्या होत्या. एक: बंदी उठली, वर्षाला २ कोटी टनांच्या मर्यादेत खाणी सुरू होऊ शकतात. दोन: सगळ्या लीज २२ नोव्हेंबर २००७ लाच संपल्या होत्या, म्हणजे त्यानंतर बंदीपर्यंत काढलेलं खनिज लीज नसताना काढलेलं होतं. कागद एकच, न्यायालय एकच, दिवस एकच. त्यामुळे कुठली बातमी वर आली आणि कुठली मागे पडली, याचं उत्तर वर्तमानपत्राच्या निवडीतच शोधावं लागतं.

कामाला बसताना

पणजीत पाटो भागातल्या राज्य मध्यवर्ती ग्रंथालयात वर्तमानपत्रांच्या जुन्या फाइली बघता येतात. निकालाच्या दुसऱ्या दिवसापासून चार आठवड्यांचे अंक मागवा. किमान तीन वर्तमानपत्रं घ्या आणि त्यांतलं एक खाण उद्योगाशी मालकीचा संबंध नसलेलं असू द्या. हे तिसरं पत्र नसेल तर तुलनाच उभी राहत नाही. सगळीकडे सारखंच चित्र दिसलं तर दोष मालकीवर टाकता येणार नाही, हेही त्याच्यामुळेच कळतं.

मालक कोण, हे ऐकीव माहितीवर लिहू नका. फेब्रुवारी संपल्यानंतरच्या पहिल्या अंकात त्या काळी वर्तमानपत्रांना ‘फॉर्म ४’ छापावा लागत असे. प्रकाशक, मुद्रक, मालक आणि एक टक्क्याहून जास्त भागभांडवल असलेल्यांची नावं त्या छोट्या चौकटीत असतात. गोव्यात खाण व्यवसायातल्या समूहांची वर्तमानपत्रं हा मामला उघड आहे: ‘नवहिंद टाइम्स’ आणि ‘नवप्रभा’ धेंपो समूहाचे, ‘गोमन्तक’ १९६२ मध्ये चौगुले समूहाने काढला आणि पुढे तो सकाळ समूहाकडे गेला, कोकणी ‘सुनापरान्त’ साळगांवकरांचा होता. मात्र तारखा जुळवून बघा. धेंपो समूहाने आपला खाण व्यवसाय २००९ मध्येच सेसा गोवाला विकला होता, म्हणून २०१४ च्या अंकाला ‘खाणमालकाचं पत्र’ म्हणून मोकळं होणं चुकीचं ठरेल. मालकीची नोंद ही फक्त सुरुवात आहे. तिच्यावरून मजकुराचा निकाल लावू नये.

जाहिरातीसाठी पट्टी घ्या आणि जागा स्तंभ-सेंटिमीटरमध्ये मोजा: जाहिरात जितके स्तंभ रुंद, गुणिले उंची. सरकारी, खाण समूहांच्या आणि इतर अशा तीन नोंदी पुरतात. खाण समूहांची गोव्यात फुटबॉलशीही जुनी नाळ आहे, म्हणून क्रीडा पानही चाळा. तिथे समूहाचं नाव चांगल्या संदर्भात किती वेळा येतं, ते वेगळं लिहून ठेवा.

स्रोत: इथे वेळ द्या

माझ्या मते गोव्यात सगळ्यांत जास्त काम हीच गाळणी करते, म्हणून निम्मा वेळ हिच्यावर घालवा. प्रत्येक बातमीत ‘म्हणाले’, ‘सांगितले’, ‘माहिती दिली’ यांच्या आधीचं नाव शोधायचं आणि त्याला गट द्यायचा: सरकार, कंपनी किंवा निर्यातदार संघटना, ट्रक-बार्जमालक आणि कामगार, खाणपट्ट्यातले गावकरी, याचिकादार.

हे कसं करायचं ते मी रचलेल्या एका बातमीवर दाखवते. समजा मजकूर असा आहे: “पणजी, ता. २२ (प्रतिनिधी): राज्याच्या अर्थव्यवस्थेचा कणा असलेला खाण व्यवसाय लवकरच सुरू होईल, असे मुख्यमंत्र्यांनी सांगितले. निर्यातदार संघटनेने निकालाचे स्वागत केले. कर्जाचे हप्ते थकल्याने हवालदिल झालेल्या ट्रकमालकांनी समाधान व्यक्त केले. लीज २००७ मध्ये संपल्याचेही न्यायालयाने नमूद केले आहे.”

स्रोत तीन: सरकार, उद्योग, ट्रकमालक. गावकरी शून्य, याचिका जिंकलेला पक्षही शून्य. स्थळ पणजी, म्हणजे बातमीदार डिचोली-सांग्याच्या खाणपट्ट्याकडे गेल्याची खूण नाही. ‘कणा’ हे मत आहे, पण ते कुणाच्या तोंडी घातलेलं नाही, बातमीदाराच्या स्वतःच्या आवाजात आलं आहे. पाचवी गाळणी अशीच सापडते. मूळ मांडणीत तिथे साम्यवादविरोध होता. आपल्याकडे त्या जागी ‘खाण बंद म्हणजे गोवा बंद’ ही समजूत बसते. आणि लीज संपल्याची गोष्ट शेवटच्या वाक्यात ‘ही’ लावून आली. बातमीत एकही शब्द खोटा नाही, तरी २००७ ते २०१२ मधल्या खनिजाच्या किमतीची वसुली कोण करणार, हा प्रश्न वाचकाच्या मनात उभाच राहत नाही.

ट्रकमालकांचे हप्ते खरे आहेत, त्यांचं म्हणणं छापायलाच हवं. शिरगावच्या विहिरी खाणींमुळे आटल्या, हेही तितकंच खरं. मोजायचं ते एवढंच, की एकाला किती जागा मिळाली आणि दुसऱ्याला किती.

यानंतर चार आठवड्यांचे दोनच आकडे काढा: ‘खाणी कधी सुरू होणार’ या प्रश्नावरच्या बातम्या किती, आणि ‘वसुली’वरच्या किती. पहिल्या दिवसाच्या मथळ्यापेक्षा हे गुणोत्तर जास्त बोलतं. मथळा निकालच देतो, पाठपुरावा मात्र वर्तमानपत्र स्वतः ठरवतं.

दबावाची गाळणी मोजणं कठीण, कारण न लिहिलेली बातमी फाइलीत सापडत नाही. दाव्यांची नोंद तेवढी मिळते. खाणींविरुद्ध लिहिणाऱ्या एका गोमंतकीय कार्यकर्त्यावर एका खाण कंपनीने थेट कोलकात्याच्या उच्च न्यायालयात ५०० कोटींचा मानहानीचा दावा लावला होता. गोव्यातल्या माणसाला कोलकात्याच्या खेपा म्हणजे काय, हे छोट्या संपादकाला सांगावं लागत नाही.

कुठे चुकतं

गट आधी ठरवा, मोजणी नंतर. बातम्या वाचत वाचत गट बदलले तर हवं ते उत्तर काढता येतं. वीसेक बातम्या दुसऱ्या कुणाला, शक्यतो खाणींच्या बाजूच्या माणसाला, स्वतंत्रपणे मोजायला द्या. पंचायत सदस्य स्वतः ट्रकमालकही असेल तर तो ‘सरकार’ की ‘ट्रकमालक’, अशाच जागी तुमचे आकडे फुटतील. तिथे नियम लिहून सगळं पुन्हा मोजा.

आकडे हाती आल्यावर खाणींशी संबंध नसलेल्या पत्राचे आकडे शेजारी मांडा. त्यातही वसुली नगण्य आणि पणजीचेच स्रोत असतील, तर कारण मालकीत नाही. रोज दुपारपर्यंत सचिवालयातून बातमी आणायच्या सवयीत ते आहे. तफावत मोठी असेल तरच मालकी आणि जाहिरातीकडे वळा. कुठल्याही बातमीदाराच्या हेतूबद्दल मात्र या मोजणीतून काहीच लिहिता येत नाही. हे प्रारूप व्यवस्थेचं आहे, व्यक्तीचं नाही.

हीच पद्धत पुढे ७ फेब्रुवारी २०१८ च्या निकालाला लावून बघा. तेव्हा न्यायालयाने ८८ लीजचं नूतनीकरण रद्द केलं आणि १६ मार्चपासून खाणी पुन्हा थांबल्या. त्या निकालाच्या पहिल्या दिवसाच्या बातमीत ‘लीज २००७ लाच संपल्या होत्या’ हे वाक्य कितव्या परिच्छेदात आहे, ते आधी शोधा.